उजवी मिशी लांब म्हणजे तिकडे लोक जास्त, असं नाही

प्रश्न: पुस्तकातल्या बॉक्स प्लॉटमध्ये मधली रेघ पेटीच्या डाव्या बाजूला सरकली आहे, उजवी मिशी लांब आहे आणि तिच्याही पुढे एक ठिपका आहे. म्हणजे उजवीकडे जास्त लोक आहेत का? आणि तो ठिपका काढून टाकायचा का?

नाही, लोक दोन्हीकडे साधारण सारखेच आहेत. जिथे पेटी रुंद किंवा मिशी लांब, तिथे आकडे विरळ आहेत. ठिपक्याचं मात्र एका शब्दात सांगता येणार नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात बारावीच्या आणि बीएस्सीच्या पोरांना शिकवतो. पुस्तकातली उदाहरणं कुठल्याशा कारखान्यातल्या बोल्टच्या लांबीची असतात, त्यामुळे मी फळ्यावर कापूसच मांडतो. समजा गावातल्या १५ कास्तकारांना एकरी किती क्विंटल कापूस झाला ते विचारलं आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लिहून काढलं:

२, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ६, ६, ७, ८, ९, ११, १७

बरोब्बर मधला, म्हणजे आठवा आकडा ५. हा मध्यक, पेटीतली रेघ. त्याच्या डावीकडे सात आकडे उरतात, त्यांच्या मधला ४. हा पहिला चतुर्थक, पेटीची डावी भिंत. उजवीकडच्या सातांच्या मधला ८. हा तिसरा चतुर्थक, उजवी भिंत. म्हणजे पेटी ४ ते ८ आणि रेघ ५ वर. तुमच्या आकृतीसारखीच डावीकडे सरकलेली.

आता इथेच पोरं फसतात. रेघेच्या डावीकडे पेटी एक क्विंटल रुंद, उजवीकडे तीन क्विंटल, म्हणून उजवीकडे तिप्पट कास्तकार असावेत असं डोळ्याला वाटतं. पण आपण वाटणी माणसं मोजून केली आहे, अंतर मोजून नाही. डावी मिशी, पेटीचा डावा भाग, उजवा भाग, आणि उजवी मिशी ठिपक्यासकट, या चारांत प्रत्येकी साधारण पाव लोक. रांगेत तेवढेच लोक उभे आहेत. कुठे खांद्याला खांदा लावून, कुठे हात पसरून, एवढाच फरक.

मिशी कुठवर ओढायची याचा नियम अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांचा, आणि आज बहुतेक पुस्तकं तोच वापरतात. पेटीची रुंदी ८ वजा ४, म्हणजे ४. तिची दीडपट ६. दोन्ही भिंतींपासून सहा-सहा दूर एकेक कुंपण घाला: डावं −२ वर, उजवं १४ वर. कुंपण आकृतीत काढायचं नसतं, ते फक्त मनात. मिशी कुंपणाच्या आत असलेल्या शेवटच्या खऱ्या आकड्यापर्यंतच जाते, म्हणून इथे डावी २ वर आणि उजवी ११ वर थांबते. पहिल्या वर्षाला असताना मी ती १४ पर्यंत ओढली होती आणि दोन मार्क गेले होते. १४ क्विंटल कोणालाच झालं नव्हतं, मग मिशी तिथवर जाईल कशी? कुंपणाबाहेर १७ उरतो, तो ठिपका. त्यालाच आउटलायर म्हणतात.

तुमच्या पुस्तकाच्या उत्तरात तिसरा चतुर्थक ७.५ आला असेल तर घाबरू नका. काही पुस्तकं मध्यक दोन्ही अर्ध्यांत धरतात, काही वगळतात. एक्सेलमध्ये याच आकड्यांवर QUARTILE.INC ७.५ देतं आणि QUARTILE.EXC ८ देतं. आपल्या पुस्तकाची रीत कोणती ते बघून तीच शेवटपर्यंत धरा.

आता झुकाव. पेटीचा उजवा भाग रुंद, उजवी मिशी लांब, ठिपकाही उजवीकडेच, याला उजवीकडे झुकलेली मांडणी म्हणतात. लोकांची गर्दी डावीकडे असते आणि शेपूट उजवीकडे. नाव शेपटाच्या दिशेवरून पडतं, गर्दीच्या नाही. ताळा करायचा तर सरासरी काढा: बेरीज ९४, भागिले १५, म्हणजे सुमारे ६.३. मध्यक ५ आणि सरासरी ६.३, कारण १७ वाल्याने सरासरी आपल्याकडे ओढली. अशा वेळी गावात साधारण किती पिकलं हे सांगायला मध्यक बरा. पंधरापैकी दहा जणांना सरासरीइतकंही झालेलं नाही.

पुस्तकं सहसा इथे थांबतात. पण उत्पन्न असं का झुकलं? याच पंधरांत ओलीत कोणाचं आहे ते विचारा. समजा ७, ८, ९, ११ आणि १७ वाल्यांकडे विहीर आहे आणि बाकी दहा कोरडवाहू. त्या दहांचाच प्लॉट काढा: २, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ६, ६. मध्यक ४, भिंती ३ आणि ५, मिशा २ आणि ६ वर. सगळीकडे एकेक क्विंटलचं अंतर, झुकाव औषधालाही नाही! उरलेल्या पाचांत मध्यक ९, भिंती ७.५ आणि १४, आणि कुंपण जातं २३.७५ वर, म्हणजे १७ आता ठिपकाही राहत नाही. (पाच आकड्यांवर पेटी काढणं तसं हास्यास्पदच, नुसते पाच ठिपके मांडलेले बरे. पण मुद्दा कळतो.) झुकाव मुख्यतः पिकातला नव्हता, दोन प्रकारची वावरं एका पेटीत कोंबल्याने तो दिसत होता. पेटी हे दडवते. आकड्यांचे दोन वेगळे घोळके असले तरी ती एकसंधच दिसते, म्हणून पेटीच्या शेजारी कच्चे आकडेही एकदा बघत जा.

तर ठिपका. तो काढण्याआधी वहीत मागे जा. ७ च्या आधी चुकून १ पडला का? दीड एकराचा कापूस एक एकराचा म्हणून लिहिला का? बाकीच्यांनी नियमित वेच्यांचाच कापूस सांगितला आणि याने फरदडीचाही मिळवला का? चूक सापडली तर दुरुस्त करा. फरदड मिळवली असेल तर सगळ्यांची मिळवा नाहीतर कोणाचीच नको. आणि काहीच सापडलं नाही, ठिबक लावून त्याला खरंच १७ झाला असेल, तर तो आकडा राहतो. कुंपण 'इथे जाऊन बघ' एवढंच सांगतं. अगदी सुरेख घंटाकृती मांडणीतसुद्धा हजारातले सुमारे सात आकडे कुंपणाबाहेर पडतातच, आणि त्यांत चूक कोणाचीच नसते.

याची दुसरी बाजूही बघा. आपलं डावं कुंपण −२ वर आहे आणि उत्पन्न शून्याखाली जात नाही. समजा २ वाल्याचं वावर बोंडअळीने पार खाल्लं आणि त्याला शून्य झालं. भिंती जागच्या जागी राहतील, डावी मिशी फक्त ० पर्यंत लांबेल, आणि ठिपका पडणार नाही. ज्याच्याकडे आधी जायला पाहिजे तो कास्तकार या आकृतीत मिशीचं टोक म्हणून निमूट बसलेला असेल.