अनोळखी चित्र ओळखण्यासाठी सॉफ्टमॅक्स की एनर्जी?

प्रश्न: चित्रांचं वर्गीकरण करणारं माझं मॉडेल, त्याला कधीच न शिकवलेल्या गोष्टीचं चित्र दिलं तरी ९९ टक्के खात्रीने काहीतरी उत्तर देतं. अशी चित्रं बाजूला काढायला सॉफ्टमॅक्सची सर्वांत मोठी किंमत पुरेशी आहे का, की एनर्जी स्कोर वापरावा?

उत्तर: मॉडेल पुन्हा प्रशिक्षित करायचे नसेल, तर सुरुवात एनर्जी स्कोरने करावी असे माझे मत आहे, मात्र सॉफ्टमॅक्सची किंमत टाकून देऊ नये, कारण एका ठरावीक प्रकारच्या चित्रांसाठी तीच अधिक उपयोगी पडते.

मॉडेल प्रत्येक वर्गाला जो कच्चा गुण देते तो लॉजिट, आणि सॉफ्टमॅक्स या लॉजिटांचे संभाव्यतांत रूपांतर करतो. ते करताना तो लॉजिटांमधील केवळ फरक पाहतो, त्यांची मूळ उंची पाहत नाही. तीन वर्गांचे मॉडेल घेऊ. एका चित्राला 12, 5, 4 असे लॉजिट मिळाले आणि दुसऱ्याला 7, 0, −1. दोन्हींत फरक तेच असल्यामुळे सर्वांत मोठी सॉफ्टमॅक्स किंमत दोन्हीकडे सारखीच, म्हणजे सुमारे 0.9988 येते, आणि तिच्या आधारे ही चित्रे वेगळी काढणे कोणत्याही थ्रेशोल्डने शक्य नाही. एनर्जीचे सूत्र `E(x) = -T · log Σ exp(f_i(x)/T)` असे आहे; यात `f_i(x)` म्हणजे प्रत्येक वर्गाचा लॉजिट आणि `T` हा तापमान नावाचा आपण निवडायचा आकडा. `T = 1` ठेवून चिन्ह उलटे केले, तर पहिल्याचा स्कोर सुमारे 12 आणि दुसऱ्याचा सुमारे 7 येतो. प्रशिक्षणातील वर्गांच्या चित्रांना मॉडेल सहसा उंच लॉजिट देते आणि परक्या चित्रांना कमी, त्यामुळे सॉफ्टमॅक्समध्ये पुसली जाणारी हीच उंची येथे कामाला येते. सर्वांत मोठ्या सॉफ्टमॅक्स किमतीचा लॉगरिदम म्हणजे सर्वांत मोठा लॉजिट अधिक `E(x)`. परिचित चित्रासाठी यातली पहिली राशी वाढते आणि दुसरी घटते, त्यामुळे बेरजेत दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात.

सॉफ्टमॅक्सची पद्धत हेंड्रिक्स आणि गिंपेल यांनी २०१६ मध्ये तुलनेचा पाया म्हणून मांडली, तर एनर्जी स्कोर लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये. या दुसऱ्या कामात CIFAR-10 या दहा वर्गांच्या चित्रसंचावर शिकवलेल्या वाइडरेसनेट मॉडेलची सहा परक्या चित्रसंचांवर चाचणी घेतलेली आहे. आपल्या वर्गांची ९५ टक्के चित्रे आत येतील असा थ्रेशोल्ड ठेवल्यावर सरासरीने सॉफ्टमॅक्स ५१ टक्के परकी चित्रे आत सोडतो आणि एनर्जी ३३ टक्के. सुधारणा मोठी आहे, पण तीनपैकी एक परके चित्र तरीही आत येतेच, हे विसरून चालणार नाही.

आता एनर्जी कोठे चुकते ते पाहू. CIFAR-10 मध्ये मोटार आणि ट्रक हे वर्ग आहेत, बस नाही. बसचे चित्र दिले आणि मोटारीला 10, ट्रकला 9.8 व तिसऱ्या एखाद्या वर्गाला 1 असे लॉजिट आले असे समजा. येथे सॉफ्टमॅक्सची सर्वांत मोठी किंमत जेमतेम 0.55 राहते, म्हणजे मॉडेलची द्विधा स्पष्ट दिसते. एनर्जीचा स्कोर मात्र 10.6, कारण दोन उंच लॉजिट एकत्र आल्याने बेरीज उलट वाढते. घरांच्या क्रमांकांच्या छायाचित्रांसारखे, म्हणजे SVHN सारखे, पूर्णपणे वेगळे चित्र आणि ओळखीच्या दोन वर्गांच्या मध्ये पडणारे चित्र हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नासाठी सॉफ्टमॅक्सची तपासणी स्वतंत्रपणे ठेवावी. दोन्ही स्कोरांची सरासरी काढू नये, कारण तसे केल्यास चित्र नेमके कशामुळे अडले हे कळत नाही.

थ्रेशोल्ड ठरवण्याची पद्धत अशी:

```python
score = torch.logsumexp(val_logits, dim=1)
tau = torch.quantile(score, 0.05)
```

`tau` पेक्षा कमी स्कोर असलेले चित्र परके समजावे. येथे व्हॅलिडेशन संचच घ्यावा. प्रशिक्षणाच्या चित्रांवर लॉजिट जास्त उंच येतात, त्यामुळे थ्रेशोल्ड वर सरकतो आणि प्रत्यक्ष वापरात पाच टक्क्यांहून अधिक चांगली चित्रे नाकारली जातात. तसे झाले आहे का, हे तिसऱ्या, न वापरलेल्या संचावर नकारांचे प्रमाण मोजून लगेच कळते.

परकी चित्रे विरळ असतील तर आणखी एक हिशेब करून ठेवा. हजार चित्रांत दहाच परकी असली, तर वरील दरांनी त्यांपैकी सुमारे सात पकडली जातील, पण त्यांच्याबरोबर सुमारे पन्नास चांगली चित्रेही अडतील. ती तपासायला माणसे नसतील, तर पाच टक्क्यांऐवजी एक टक्का ठेवावा आणि अधिक परकी चित्रे आत येतील हे मान्य करावे.

प्रत्येक नव्या प्रशिक्षणानंतर `tau` पुन्हा काढावाच लागतो. सर्व लॉजिटांत एकच संख्या मिळवली तरी क्रॉस-एन्ट्रॉपीचा लॉस बदलत नाही, म्हणजे लॉजिटांची उंची कोठे स्थिरावावी याचे बंधन हा लॉस थेट घालत नाही. त्यामुळे तेवढीच अचूकता असलेल्या दोन मॉडेलांचे एनर्जी स्कोर एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि जुन्या मॉडेलचा थ्रेशोल्ड नव्यावर तसाच लावल्यास तो जवळजवळ सगळेच अडवू शकतो किंवा काहीच अडवणार नाही.