दुसऱ्या तपासणीआधी सही नको

प्रश्न : मी बेळगावच्या एका खासगी रुग्णालयात समुपदेशक आहे. चंदगड तालुक्यातला चौतीस वर्षांचा तरुण दुचाकीच्या अपघातानंतर आमच्याकडे आहे. मेंदूमृत्यूची पहिली तपासणी झाली, दुसरी संध्याकाळी आहे. वरिष्ठ म्हणतात, 'वेळ वाया जाऊ नये, आत्ताच बायकोची सही घेऊन ठेवा.' बायको तयार दिसते, पण वडील गप्प आहेत. मी आत्ता विचारू का?

ताई, नाही. आत्ता अवयवदानाचा शब्दही काढू नका.

कारण कायद्याचंच आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, 1994, कलम 3 वाचा. मृताने स्वतः लेखी संमती दिली नसेल, तर परवानगी देण्याचा अधिकार 'मृतदेह ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे' त्याला आहे. दोन तपासण्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर लागतं, आणि दुसऱ्या तपासणीनंतर वैद्यकीय मंडळाच्या सह्या झाल्यावरच मेंदूमृत्यू प्रमाणित होतो. दुपारी हा तरुण कायद्याच्या नजरेत रुग्णच आहे. मृतदेह नाही, तर मृतदेहावरची परवानगी कुठून येणार? ती सही उद्या कोर्टात टिकणार नाही. शिवाय वडिलांच्या मनात एकच गोष्ट घर करेल : पोरगं जिवंत असताना ह्यांनी कागद पुढे केला. नंतर कितीही समजावलं तरी ती निघत नाही.

संध्याकाळी सह्या झाल्या की बातमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगावी, तुम्ही नाही. 'वारले' हाच शब्द वापरायला त्यांना आधी सांगून ठेवा. 'मेंदू गेलाय, पण हृदय चालू आहे' असं म्हटलं, की बाप हृदयाकडेच पाहणार. 'मशीनवर जिवंत ठेवलंय' हे तर कुणीच म्हणू नये. ते खरंही नाही.

मग थांबा. किती, हे घड्याळ ठरवत नाही. वडील म्हणाले, 'अजून अंग गरम आहे, छाती हलतेय,' तर मृत्यू अजून पोहोचलेला नाही आणि तुमची वेळ आलेली नाही. डॉक्टरांना परत बोलवा. व्हेंटिलेटर काढून पाहिला, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू दिला, तरी स्वतःचा एकही श्वास आला नाही, छाती हलते ती मशीनने, हे त्यांच्या मराठीत समजावून सांगू द्या. घरचे जेव्हा 'बॉडी कधी मिळेल?' असं विचारतात, तेव्हा त्यांना कळलेलं असतं.

तेव्हा एका खोलीत बसवा, पाणी द्या, वडिलांना आणि बायकोला एकत्रच घ्या. बायकोला एकटीला बाजूला नेऊ नका. साधारण असं बोला : "काका, वहिनी, एक गोष्ट विचारायची आहे. नाही म्हणालात तरी चालेल, त्याने तुमच्या कुठल्याच कामात अडथळा येणार नाही. त्यांचे अवयव दुसऱ्यांना देण्याविषयी ते कधी काही बोलले होते का?" प्रश्न मुलाच्या इच्छेचा राहतो, बापाच्या छातीवर निर्णयाचा दगड पडत नाही.

आणि वडील 'नको' म्हणाले, तर तिथेच थांबायचं. कलम 3 म्हणतं, एखाद्या जवळच्या नातेवाईकाची हरकत आहे असं मानायला कारण असेल, तर परवानगी देता येत नाही. वडील जवळचे नातेवाईक आहेत. फक्त बायकोची सही दाखवून त्यांना डावलता येणार नाही. चुलते, मेव्हणे मात्र या व्याख्येत येत नाहीत. त्यांचं ऐका, पण निर्णय त्यांच्यावर सोपवू नका.

बिलाची गोष्ट या खोलीत काढू नका. 'हो म्हणालात तर बिल कमी होईल' असं कुणी चुकून म्हटलं, तरी ते कलम 19 च्या अवयव-विक्रीच्या गुन्ह्याकडे झुकतं. मी हे जीव तोडून सांगतो, कारण असं एक वाक्य चांगल्या मनाने बोललेलं मी ऐकलं आहे.

अपघात असल्याने शवविच्छेदन होणारच. अपघात चंदगडकडे, म्हणजे महाराष्ट्रात झाला, तरी शव बेळगावात आहे, म्हणून तुमचं रुग्णालय ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं तिथे आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडे लेखी विनंती द्या. मृत्यूचं कारण ठरवायला तो अवयव लागणार नाही, हे त्यांच्याकडून लेखी आल्याशिवाय शस्त्रक्रिया नको. घरच्यांनाही आधी सांगा, की दान दिलं म्हणून विच्छेदन टळणार नाही. हे नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं.

शेवटचा कागद. तुमचा फॉर्म इंग्रजी किंवा कन्नड असेल. प्रत्येक ओळ मोठ्याने मराठीत वाचा, आणि कुठले अवयव द्यायचे ते त्यांना एकेक करून ठरवू द्या. मूत्रपिंडाला हो आणि डोळ्यांना नको म्हटलं तरी तो पूर्ण होकारच आहे. सहीखाली लिहून ठेवा : 'मराठीत वाचून दाखवले', कोणी वाचलं, किती वाजता. ती वेळ मंडळाच्या सह्यांच्या नंतरची असायला हवी.