बाबी, फक्त घरात

“आई, घरी तू बाबांना ‘बाबी’ म्हणतेस, मग बाहेर गेलो की ‘अहो’ का म्हणतेस?”

प्रिय चिमणे,

‘बाबी’ हे बाबांना त्यांच्या आजीने ठेवलेलं नाव. आपल्याकडे बारशाचं नाव शाळेच्या दाखल्यावर जातं आणि घरात भलतंच चिकटतं, तसंच हे. लग्नानंतर सासरी सगळेच बाबी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. मोठ्यांसमोर मात्र ‘अहो’. तेव्हा मला त्या ‘अहो’चा फार कंटाळा यायचा.

मग आम्ही क्वालालंपूरला आलो. नवीन होतो, तुझा जन्मही झाला नव्हता. एकदा स्टेशनवरच्या गर्दीत आमची चुकामूक झाली. बाबा दुसऱ्या टोकाला उभे दिसले, तशी मी घसा ताणून हाक मारली, “ए बाबी! बाबी, बाबी, इकडे!” आजूबाजूची माणसं वळली. एका काकांनी मला असं काही बघितलं की मी पदर सावरायला लागले, आणि पदर तर नव्हताच, जीन्स होती. बाबा आपले हसत हात हलवत आले. त्यामुळे तर सगळे आणखीच बुचकळ्यात पडले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मलय मावशींना हा किस्सा सांगितला. त्या आधी गप्प बसल्या, मग तोंडावर हात धरून हसत सुटल्या. मलय भाषेत बाबी म्हणजे डुक्कर! आणि नुसतं प्राण्याचं नाव नाही, कुणाला उद्देशून म्हटलं तर सणसणीत शिवी. शिवाय मलयमध्ये अनेकवचन करायला शब्द दोनदा म्हणतात. म्हणजे मी आधी ‘ए डुकरा’ म्हणाले आणि लगेच ‘डुकरं’ म्हणून अख्खा कळपच हाकारला.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “आजीला आधीच कळलं असणार.”

मग पर्याय शोधले. ‘बाबू’ म्हणून पाहिलं, तर मावशींनी तेही हाणून पाडलं: बाबू म्हणजे घरकामाची बाई. शेवटी ज्याला मी नाक मुरडत होते ते ‘अहो’च कामाला आलं. त्याच्यामुळे इथे कुणी दुखावत नाही. फक्त मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ‘अहो’ म्हटलं की सहा पुरुष वळतात, तेवढं चालवून घ्यायचं.

तू मात्र शाळेत गंमत म्हणूनही हा शब्द कुणाला म्हणू नकोस. तिथल्या मुलांना ती गंमत वाटणार नाही. घरात हवं तेवढं म्हण. आणि पणजींचा व्हिडिओ कॉल आला की बाबा आधी उठून बाल्कनीचं दार का लावतात, असं परवा विचारत होतीस ना? पणजी अजून फोन म्हणजे लांबून हाक मारायची सोय समजतात, आणि खालच्या मजल्यावर मलय मावशींचे सासरे राहतात.

तुझी,
आई