क्रशला वाढदिवसाची शुभेच्छा: तिला झेलता येईल, सोडूनही देता येईल अशी

प्रश्न: मी २५, मिहानमध्ये जॉब. ऑफिसमधल्या एका मुलीचा पुढच्या मंगळवारी वाढदिवस आहे. सीताबर्डी ते खापरी मेट्रोत रोज सोबत असतो, गप्पा भरपूर होतात. ती तर्री पोहे खाताना तर्री वेगळ्या वाटीत मागते, त्यावरून आमचं कायम भांडण असतं. मी हे लिहिलंय: ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! तू माझ्यासाठी खूप स्पेशल आहेस. तुझं हसू पाहिलं की माझा दिवस चांगला जातो. अशीच हसत राहा आणि नेहमी माझ्या सोबत राहा.’ रात्री बाराला पाठवू का? सोबत संत्रा बर्फी दिली तर चालेल का? जास्त वाटू नये, पण तिला थोडं कळावं.

उत्तर:

तुझं मन साफ आहे हे मेसेजवरून दिसतं, पण हा मेसेज पाठवू नको. तिच्या जागी बसून वाच. ‘तू माझ्यासाठी खूप स्पेशल आहेस’ यावर ती काय लिहील? ‘तूही’ लिहिलं तर होकार दिल्यासारखं होतं, नुसतं ‘थँक्स’ लिहिलं तर तुला तोडल्यासारखं होतं. म्हणजे वाढदिवसाच्या सकाळी तिला एक निर्णय घ्यावा लागणार. ‘नेहमी माझ्या सोबत राहा’ ही तर सरळ मागणीच झाली. आणि हसण्याचं वाक्य तू कौतुक म्हणून लिहिलंस, पण वाचणाऱ्या मुलीच्या मनात आधी हे येतं की हा आपल्याकडे बघत बसतो. शिवाय ही चारही वाक्यं कोणत्याही मुलीला पाठवता येतील. त्यात ती कुठेच नाही.

ती कुठे आहे, ते तू प्रश्नातच लिहून बसलास. त्या तर्रीच्या वाटीत! दोघांचं जुनं, निरुपद्रवी भांडण असणं ही फार मोठी सोय आहे, कारण तो विषय फक्त तुमच्या दोघांचा आहे. मी असं लिहिलं असतं:

‘हॅपी बर्थडे! तुझ्याशी भांडल्याशिवाय मेट्रोचा प्रवास बोअर होते, हे आज मान्य करून टाकतो. बर्थडे स्पेशल म्हणून आज तर्री वेगळ्या वाटीत घेतली तरी मी एक शब्द बोलणार नाही. उद्यापासून पुन्हा सुरू बरं.’

यात तुझ्या मनातलं एकच वाक्य आहे, दुसरं. ते मुद्दाम मधे ठेवलंय. माणूस उत्तर देतो ते बहुतेक शेवटच्या वाक्याला. शेवट गंमतीचा असला की तिला गंमतीनेच उत्तर देता येतं आणि मधलं वाक्य ऐकूनही न ऐकल्यासारखं सोडता येतं. तिला ते झेलायचं असेल तर ती बरोबर झेलेल. हेच वाक्य शेवटी टाकून बघ, लगेच जड होतं, कारण मग सगळा मेसेज त्यावर येऊन थांबतो आणि तिला त्यावरच बोलावं लागतं. पहिलं वाक्य साधं ठेवण्याचंही कारण आहे. फोन टेबलवर असताना स्क्रीनवर सुरुवातच दिसते, आणि त्या दिवशी तिच्या आजूबाजूला आई, बहीण, मैत्रिणी कोणीही असू शकतं.

भाषा तुमच्या रोजच्या गप्पांचीच ठेव. तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत असाल तर तसंच कर. ‘काय करून राहिली’ म्हणणारा मुलगा अचानक ‘हार्दिक शुभेच्छा’वर आला की समोरच्याला कळतं, यानं बसून मसुदा केलाय. इमोजी हसणारा एखादा पुरे. लाल बदाम नको, कारण मधे जपून ठेवलेलं सगळं तो एकटाच सांगून टाकतो.

रात्री बाराला पाठवू नको. त्या वेळी घरचा केक आणि मैत्रिणींचे फोन सुरू असतात, त्या गर्दीत तुझी गंमत वाहून जाईल. आणि बाराच्या ठोक्याला आलेला मेसेज हेही सांगतो की हा जागा राहिला होता. जे शब्दांत टाळलं ते वेळेने बोलून दाखवायचं कशाला? सकाळी निघायच्या तासभर आधी पाठव, म्हणजे मेट्रोत भेटेपर्यंत तिला वाचायला, हवं तर विचार करायला वेळ मिळेल. भेटल्यावर ‘मेसेज पाहिला का?’ विचारायचं नाही. ऑफिसच्या ग्रुपवर मात्र सगळ्यांसारखी एक ओळ टाक. तुझीच शुभेच्छा तिथे नसली तर ते इतरांच्या लगेच लक्षात येईल.

आता उत्तराचं. ‘थँक्यू सो मच’ आणि एक स्मायली आली तर तिला एवढंच बोलायचंय असं धर. ‘मजा कर’ म्हणून थांब. ‘पार्टी कधी?’ नको, आणि निळ्या टिका दिसूनही उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज अजिबात नको. वाढदिवसाला फोन भरलेला असतो, दोन दिवसांनी उत्तर आलं तरी त्यात काही वाईट नाही.

पण तिनं तर्री उचलली, म्हणजे ‘एक दिवस नाही, जन्मभर वेगळीच घेणार’ असं काही आलं, तर विषय तिनंच पुढे नेला. आणि ‘मान्य केलंस ना, स्क्रीनशॉट काढून ठेवला’ असं आलं तर तिनं नेमकं मधलं वाक्य पकडलंय. दोन्हींत तुला पुढची ओळ लिहिता येते: ‘मग शनिवारी सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ पोहे खाऊ, तिथेच फैसला करू.’ वाढदिवसाच्याच दिवशी बोलावू नको, तो दिवस घरच्यांचा असतो. आणि दिवस-जागा नक्की सांग. ‘कधीतरी जाऊ’ला कोणीही हो म्हणतं, त्यातून काहीच कळत नाही.

ती ‘या शनिवारी नाही जमत, पुढच्या चालेल?’ म्हणाली तर तिला यायचंय. ‘बघते’ म्हणून दुसरा दिवस सुचवलाच नाही, तर विषय तिथेच सोड आणि मेट्रोतल्या गप्पा होत्या तशाच ठेव. ‘चल ना, सगळेच जाऊ’ म्हणाली तर तोंड पाडू नको, सगळ्यांना घेऊन जा. तिला तुझी सोबत आवडते, एकटीनं यायचं तिचं अजून ठरलं नाही, इतकाच त्याचा अर्थ.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. ती तुझ्या हाताखाली काम करते का, तिच्या कामाचं मूल्यमापन तुझ्याकडे आहे का? असेल तर मधलं वाक्य काढून टाक. मग ते सोडून देण्याची मोकळीक तिच्याकडे राहत नाही. मेसेज कितीही हलका असला तरी तिला आधी तुझं पद दिसेल.

बर्फी दे, पण डब्याला रिबन बांधून, सगळ्यांसमोर तिच्या हातात नको. तिथे तिला हसावंच लागेल आणि मग दिवसभर लोक चिडवतील. अर्धा किलो आण, टीमच्या टेबलवर ठेव, ‘बर्थडेची आहे, घ्या सगळे’ म्हण. तिला कळेल कोणी आणली ते. संत्रा बर्फी नागपुरात इतक्या सहज दिली-घेतली जाते की त्यावर कोणी दोनदा विचार करत नाही. म्हणूनच चॉकलेटच्या बॉक्सपेक्षा ती बरी. आणि तिला ती आवडते का, हे मेट्रोत आधी सहज विचारून ठेव, मंगळवारला अजून वेळ आहे.