नोटिफिकेशनचा महिन्याचा खर्च कसा काढायचा?

आमचं छोटं स्टार्टअप आहे, ५,००० युजर. पुश, एसएमएस आणि व्हॉट्सॲप मिळून महिन्याला किती खर्च धरू?

पुशला जवळपास शून्य धरा, गुगलची पुश सेवा एफसीएम मेसेजमागे पैसे घेत नाही. गणित चुकतं ते एसएमएसमध्ये, कारण बिल मेसेजवर नाही, सेगमेंटवर, म्हणजे मेसेजच्या तुकड्यांवर येतं. साध्या इंग्रजीत एका सेगमेंटमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. मेसेज त्याहून लांबला की दर सेगमेंटला ६७च. शिवाय काना, मात्रा, हलंत वेगळे मोजले जातात: ‘ऑर्डर’ म्हणजे ५.

समजा, युजरमागे ४ एसएमएस, म्हणजे २०,००० मेसेज. मजकूर १५० अक्षरांचा मराठी असेल तर ३ सेगमेंट, एकूण ६०,०००. तोच १३०वर आणला की ४०,०००. मजकुरात ग्राहकाचं नाव येत असेल तर मोजताना सगळ्यात लांब नाव टाकून बघा. आम्ही ‘अमित’ टाकून मोजलं आणि बिलाने दणका दिला. इंग्रजी मेसेजमध्ये एक इमोजी घातली तरी मर्यादा ७०वर येते.

व्हॉट्सॲपला ‘कॉन्व्हर्सेशन’वर, म्हणजे २४ तासांच्या संवादावर लागणारा जुना दर विसरा. जुलै २०२५पासून दर प्रत्येक टेम्प्लेट मेसेजमागे, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेल्या मजकुराच्या मेसेजमागे आहे. ग्राहकाने लिहिल्यावर २४ तासांत दिलेलं साधं उत्तर आणि ऑर्डरच्या माहितीसारखं युटिलिटी टेम्प्लेट फुकट, मार्केटिंगचे पैसे मात्र तेव्हाही लागतात.

```
खर्च = सेगमेंट × एसएमएस दर + पैसे लागणारे टेम्प्लेट मेसेज × व्हॉट्सॲप दर
```