फॉर्म १६ आणि २६एएसमधला पगार जुळत नाही, रिटर्न कोणत्या आकड्यावर भरायचं?

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. २०२४-२५ च्या फॉर्म १६ मध्ये एकूण पगार ९,२८,००० आहे, पण २६एएसमध्ये १०,०६,००० दिसतो. टीडीएस दोन्हीकडे सारखाच आहे. शाळेतले बाबू म्हणतात, काही होत नाही, भरून टाका. कोणता आकडा धरू?

उत्तर:

फरक ७८,००० चा आहे. तुमचा जुलैनंतरचा महिन्याचा एकूण पगार ७८,००० असेल, तर २६एएसमध्ये बारा नाही, तेरा महिने मोजले गेलेत. आमच्या तालुक्यातल्या शिक्षकांची रिटर्नं मी भरतो, आणि अनुदानित शाळांच्या कागदांत ही चूक वारंवार सापडते. तेव्हा आकडा निवडण्याआधी तेरावा महिना कुठून आला ते शोधा.

फॉर्म १६ आणि २६एएस हे दोन्ही कागद एकाच ठिकाणाहून येतात, हे आधी लक्षात घ्या. शाळा दर तिमाहीला २४क्यू नावाचं विवरणपत्र भरते. त्यात दर महिन्याला कोणाला किती पगार दिला आणि किती कर कापला, याची ओळ असते. २६एएस आणि फॉर्म १६ चा भाग ‘अ’ या ओळींवरून तयार होतात. चौथ्या तिमाहीच्या विवरणपत्रासोबत वर्षभराच्या पगाराचा वेगळा तक्ता जातो आणि भाग ‘ब’ त्यावरून निघतो. म्हणजे बाबूंनी दोन तक्ते भरले आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. टीडीएस दोन्हीकडे सारखा आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. भाग ‘अ’ आणि २६एएस यांचं मूळ एकच असल्यामुळे ते जुळणारच. खरी पडताळणी तिसऱ्या कागदाशी करायची, म्हणजे शालार्थच्या पगारपत्रकांशी. बाराही पत्रकांवरची आयकर कपात बेरीज करून पाहा.

आता २६एएस उघडा. incometax.gov.in वर लॉगिन करून e-File > Income Tax Returns > View Form 26AS असं गेलात की ट्रेसेस या आयकर विभागाच्या टीडीएस पोर्टलचं पान उघडतं. तिथे करनिर्धारण वर्ष 2025-26 निवडा. शाळेच्या नावापुढचं चिन्ह दाबलं की महिन्याच्या ओळी दिसतात. त्या तिमाहीनुसार वहीत उतरवा. तुमचा पगार मार्च ते जून २०२४ मध्ये ७६,००० आणि वेतनवाढीनंतर ७८,००० असेल, तर पगार पुढच्या महिन्यात हाती येत असल्यामुळे पहिल्या तिमाहीत मार्च ते मे चे २,२८,०००, दुसरीत २,३२,००० आणि तिसरीत २,३४,००० यायला हवेत. चौथीतही २,३४,००० हवेत, पण तिथे ३,१२,००० सापडतील असा माझा अंदाज आहे. शेवटी अशी एक ओळ असेल:

```
192   31-Mar-2025   78000.00   0.00   0.00
```

कलम, तारीख, पगार, कापलेला कर, भरलेला कर. हा मार्च २०२५ चा पगार आहे. या ओळीत कर शून्यच असेल, म्हणून टीडीएसची बेरीज बिघडली नाही.

अनुदानित शाळांमध्ये पगार पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला देय होतो. त्यामुळे आयकराचं वर्ष मार्च ते फेब्रुवारी धरतात. मार्च २०२४ चा पगार एप्रिलमध्ये हातात आला, म्हणून तो २०२४-२५ चा. मार्च २०२५ चा पगार २०२५-२६ चा. बाबूंनी वर्षाच्या तक्त्यात हा हिशेब बरोबर ठेवला, पण तिमाही भरताना मार्च दिसला म्हणून त्याचीही ओळ टाकली.

तरी पासबुक पाहिल्याशिवाय ठरवू नका. कलम १५ प्रमाणे पगार देय झाला किंवा हाती आला, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो करपात्र होतो. मार्च २०२५ चा पगार एप्रिलमध्ये खात्यात जमा झाला असेल, तर फॉर्म १६ चा ९,२८,००० बरोबर आहे. पण बिल लवकर निघून ३१ मार्चच्या आत पैसे जमा झाले असतील, तर २६एएस खरं आणि तेरा महिन्यांवर कर लागेल. तुमच्या घरात कोणी जिनिंग किंवा पतसंस्थेत नोकरीला असेल, तर हा मार्च-फेब्रुवारीचा नियम त्यांना लावू नका. तिथे पगार महिनाअखेरीला देय होत असेल, तर वर्ष एप्रिल ते मार्चच.

‘भरून टाका’ याची किंमत काय, तेही पाहा. २०२४-२५ च्या दरांनी नव्या करप्रणालीत ९,२८,००० मधून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ८,५३,००० उरतात. त्यावर उपकरासह कर ३६,७१२. तेच १०,०६,००० धरलं तर ४४,८२४. म्हणजे ८,११२ रुपये जास्त. आणि तोच मार्चचा पगार पुढच्या वर्षीच्या फॉर्म १६ मध्येही येणार, म्हणजे एकच पगार दोनदा मोजला जाणार. यात ‘काही होत नाही’ असं काही नाही, मॅडम. तुमचे पैसे जातात.

पासबुकात एप्रिलची तारीख असेल तर रिटर्न ९,२८,००० वर भरा. पोर्टलवर आधीच भरून येणारा पगाराचा आकडा तसाच ठेवू नका, भाग ‘ब’शी ताडून घ्या. टीडीएस मात्र २६एएसमध्ये आहे तेवढाच दाखवा. २६एएसमधला पगार जास्त आणि रिटर्नमधला कमी असल्यामुळे कलम १३९(९) ची सदोष रिटर्नची नोटीस येऊ शकते. तिला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यासाठी पगारपत्रकं आणि पासबुकाचं पान स्कॅन करून ठेवा.

सोबतच त्याच पोर्टलवर एआयएस, म्हणजे आयकर विभागाकडे असलेली तुमच्या उत्पन्नाची वार्षिक माहिती, उघडा. तिथे पगार दोनदा दिसेल. एक TDS-192 च्या ओळींतून आणि दुसरा TDS-Ann.II-SAL म्हणून, वर्षाच्या तक्त्यातून. दुसऱ्यात ९,२८,००० असतील तर तुमचं म्हणणं शाळेच्याच कागदाने सिद्ध होतं. ३१ मार्चच्या ओळीवर अभिप्राय देताना Information relates to other PAN/Year हा पर्याय निवडा. संपूर्ण पगार नाकारू नका, फक्त ती एक ओळ.

पण अभिप्रायाने २६एएस बदलत नाही. ते फक्त शाळेने चौथ्या तिमाहीचं दुरुस्ती विवरणपत्र भरलं तरच बदलतं. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करा. त्यात पॅन, आर्थिक वर्ष, तिमाही ४, ओळीची तारीख आणि रक्कम लिहा, भाग ‘ब’ आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. ही चूक एकट्या तुमची नसणार. एकाच फाइलमध्ये अख्ख्या स्टाफच्या ओळी भरल्या जातात, म्हणून सहकाऱ्यांनाही आपापलं २६एएस पाहायला सांगा. सगळ्यांचे अर्ज एकत्र गेले तर एकाच दुरुस्तीत काम होतं.

आणि तुमचा फॉर्म १६ ट्रेसेसवरूनच काढलेला आहे ना, तेवढं बघून घ्या. त्यावर ट्रेसेसचं बोधचिन्ह आणि प्रमाणपत्र क्रमांक असतो. काही शाळांत अजूनही एक्सेलमध्ये टाइप केलेला कागद सही-शिक्क्यासह देतात. तसा असेल तर वरची सगळी जुळवणी त्यावरून करू नका, आधी खरा फॉर्म मागून घ्या.