व्हॉइड आणि व्हॉइडेबल लग्न : नवऱ्याचं आधीचं लग्न लपवलेलं असेल तर

प्रश्न : लग्नाला सहा महिने झाल्यावर कळलं की नवऱ्याचं आधी एक लग्न झालं होतं. तो म्हणतो, "आपल्या लग्नाआधीच फारकत झाली होती." कुणी सांगतं हे लग्न मुळातच रद्द आहे, कुणी सांगतं कोर्टातून रद्द करून घ्यावं लागेल. व्हॉइड आणि व्हॉइडेबल यात नेमका फरक काय, आणि कोणत्या कारणांवर लग्न रद्द होतं?

उत्तर :

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. हिंदू विवाह कायदा, 1955 तुम्हाला लागू आहे असं धरून लिहिते. तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो. तुमचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल, तर कलमं वेगळी आहेत.

सगळ्यात आधी नवऱ्याच्या पहिल्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मिळवा आणि त्यावरची तारीख बघा. ती तुमच्या लग्नाच्या आधीची असेल, तर तुमचं लग्न फार तर व्हॉइडेबल ठरेल. ती नंतरची असेल, किंवा कोर्टाचा हुकूमनामाच नसेल, तर बहुतेक ते व्हॉइड आहे. खोटं एकच बोललं गेलंय, पण या एका तारखेवरून तुमचा अर्ज कोणत्या कलमाखाली जाईल, तुमच्या हातात किती वेळ आहे आणि तुम्ही त्या घरात राहावं की नाही, हे सगळं बदलतं.

व्हॉइड, म्हणजे शून्य विवाह, कायद्याच्या लेखी लागलेलाच नसतो. अक्षता पडल्या, फोटो निघाले, नोंदणीचा दाखलाही मिळाला, तरी त्यातून नवरा-बायकोचं नातं तयार होत नाही. कोर्ट हुकूमनामा देतं तेव्हा ते लग्न मोडत नाही, ते कधी नव्हतंच एवढं जाहीर करतं. व्हॉइडेबल, म्हणजे शून्यकरणीय विवाह, मात्र लागलेला असतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने कोर्टात जाऊन तो रद्द करून घेतला नाही, तर तो आयुष्यभर वैध राहतो. फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो मृत्यूनंतर. व्हॉइडेबल लग्नातला नवरा हुकूमनाम्याआधी वारला, तर ती बाई त्याची विधवा आणि वारस असते. व्हॉइड लग्नात मात्र वारसाहक्काच्या दाव्यात सासरचं कुणीही उभं राहून म्हणू शकतं की ही त्याची कायदेशीर बायको नव्हतीच.

व्हॉइडची कारणं तीनच आहेत. लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणाचा तरी आधीचा जोडीदार हयात असणं आणि ते लग्न टिकून असणं हे पहिलं. दोघं कायद्याने निषिद्ध केलेल्या जवळच्या नात्यातली असणं हे दुसरं, आणि सपिंड असणं, म्हणजे ठरावीक पिढ्यांच्या आत दोघांचा पूर्वज एकच असणं, हे तिसरं. शेवटच्या दोन्हींत रूढीची सूट आहे, म्हणून मामाच्या मुलीशी लग्नाची जुनी, अखंड रूढी असलेल्या समाजात तसं लग्न वैध ठरतं. ती रूढी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र तसं म्हणणाऱ्यावर असते. वयाबद्दल खूप लोक चुकतात. मुलगी 18 वर्षांची आणि मुलगा 21 वर्षांचा नसेल तर लग्न आपोआप रद्द होतं असा समज आहे, पण या कायद्याने ते व्हॉइडही नाही आणि व्हॉइडेबलही नाही. त्यासाठी 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा वेगळा आहे, आणि त्यात लग्नाच्या वेळी जी व्यक्ती बालक होती तिला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत लग्न रद्द करून मागता येतं.

आता एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि तारखा बदलल्या आहेत. माझ्या अशिलाचं लग्न 11 फेब्रुवारी 2023 ला झालं. ऑक्टोबरमध्ये कपाट आवरताना तिला नवऱ्याची जुनी विमा पॉलिसी सापडली. नॉमिनीच्या जागी एका अनोळखी बाईचं नाव होतं आणि नात्याच्या रकान्यात "पत्नी" लिहिलेलं होतं. जाब विचारल्यावर नवऱ्याने स्टँप पेपरवरची फारकत दाखवली. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का आणि तारीख 2022 च्या ऑगस्टची. सासूबाई म्हणाल्या, "झालं गेलं विसर, कागद तर आहे ना?"

त्या कागदाने घटस्फोट होत नाही. नोटरी सह्या खऱ्या असल्याचं सांगतो, लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. काडीमोडीची रूढी असलेल्या समाजांना कायद्याने सूट ठेवली आहे, पण तिथेही ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. या कुटुंबाला तशी रूढी दाखवता येण्यासारखी नव्हती.

आम्ही ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नवऱ्याच्या नावाने शोध घेतला. सप्टेंबर 2022 मध्ये दाखल झालेला परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज सापडला. तिऱ्हाइताला अशा प्रती कारण दिल्याशिवाय मिळत नाहीत, म्हणून शपथपत्रासह अर्ज केला आणि मूळ अर्ज व हुकूमनामा दोन्हींच्या प्रमाणित प्रती काढल्या. हुकूमनाम्यावर तारीख होती 20 मार्च 2023. परस्परसंमतीच्या अर्जात दाखल केल्यापासून सर्वसाधारणपणे सहा महिने थांबावं लागतं, आणि त्या सहा महिन्यांतच घरच्यांनी दुसरं लग्न उरकलं होतं. अर्जावर सह्या झाल्या म्हणजे सुटलो, असं त्यांनी धरलं होतं. पण 11 फेब्रुवारीला पहिलं लग्न जिवंत होतं. पाच आठवड्यांनी आलेल्या हुकूमनाम्याने दुसरं लग्न मागाहून वैध होत नाही, कारण कायदा लग्नाच्या दिवशीची स्थिती बघतो. हे लग्न व्हॉइड होतं.

पुराव्यात कस लागतो तो पहिलं लग्न सिद्ध करताना. दुसरी बाजू उलटून म्हणते की पहिलं लग्न विधिवत झालंच नव्हतं. इथे नवऱ्याचाच घटस्फोटाचा अर्ज कामी आला. त्यात त्याने शपथेवर पहिल्या लग्नाची तारीख आणि ठिकाण लिहिलं होतं. म्हणून नुसत्या हुकूमनाम्यावर थांबू नका, मूळ अर्जाचीही प्रत काढा.

व्हॉइड लग्नासाठी अर्जाला मुदत नाही. खरं तर हुकूमनामा घेतलाच पाहिजे अशीही सक्ती नाही. तरी मी नेहमी घ्यायला सांगते, कारण पुढे पासपोर्टला, पुन्हा लग्न करताना किंवा मालमत्तेच्या वादात प्रत्येक ठिकाणी ही सगळी कहाणी नव्याने सिद्ध करत बसावं लागू नये. अर्ज तुम्ही आत्ता जिथे राहता तिथल्या न्यायालयातही करू शकता, बायकोला ही मुभा 2003 पासून आहे.

आता समजा, हुकूमनामा तुमच्या लग्नाच्या आधीचा निघाला. मग दुसरं लग्न करायला तो मोकळा होता आणि लग्न व्हॉइड नाही. हुकूमनाम्यानंतर अपिलाची मुदत संपायच्या आत लग्न केलं असेल तरी ते केवळ त्या कारणाने व्हॉइड होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. पण आधीचं लग्न आणि घटस्फोट लपवून तुमची संमती घेतली, ही त्याच्याविषयीच्या महत्त्वाच्या बाबीतली फसवणूक आहे, आणि अशी फसवणूक हे लग्न व्हॉइडेबल ठरण्याचं एक कारण आहे. आधीचं लग्न लपवणं ही अशी बाब असल्याचं न्यायालयांनी अनेकदा मानलं आहे. पगार थोडा फुगवून सांगितला, एवढ्यावर मात्र सहसा भागत नाही.

इथे दोन गोष्टींमुळे माणसं हातातली केस घालवतात. एक म्हणजे मुदत. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज दाखल व्हायला हवा. वर्ष लग्नापासून मोजत नाहीत, कळल्यापासून मोजतात, म्हणून कधी कळलं त्याचा पुरावा जपून ठेवा. त्या दिवशी बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठवलेला मेसेज असेल तर तो अजिबात पुसू नका. दुसरी गोष्ट जास्त घात करते. कळल्यानंतर तुम्ही आपल्या पूर्ण संमतीने त्याच्यासोबत नवरा-बायको म्हणून राहिलात, तर हा मार्ग बंद होतो. घरची मोठी माणसं "महिनाभर नांदून बघ" म्हणतात, मुलगी जाते, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो : कळल्यावर किती दिवस एकत्र राहिलात? समेटाची बोलणी करायची असतील तर माहेरी राहून करा.

व्हॉइडेबलची बाकी कारणं अशी. प्रतिवादीच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध झालेलाच नसणं हे एक. लग्नाच्या वेळी मनोविकारामुळे वैध संमती देण्याची क्षमता नसणं, किंवा मनोविकार असा आणि एवढा असणं की लग्नाला आणि मुलं होऊ देण्याला ती व्यक्ती अयोग्य ठरावी, हे दुसरं. जबरदस्तीने घेतलेली संमती फसवणुकीच्याच कलमात येते, आणि तिथे वर्ष जबरदस्ती संपल्यापासून मोजतात. शेवटचं कारण म्हणजे लग्नाच्या वेळी बायको दुसऱ्या कुणापासून गरोदर असणं. त्यात नवऱ्याला लग्नाच्या वेळी हे माहीत नसायला हवं, कळल्यावर त्याच्या संमतीने संबंध आलेला नसायला हवा आणि अर्ज लग्नापासूनच एका वर्षात हवा. मनोविकाराच्या केसेसमध्ये मी अशिलाला आधीच बजावते की आजार आहे एवढं सिद्ध करून काही होत नाही. बरेच आजार औषधाने आटोक्यात असतात आणि तशी माणसं चांगला संसार करतात.

तुमच्या हातात प्रमाणित प्रत यायची असेल आणि कळल्यापासूनचं वर्ष संपत आलं असेल, तर थांबू नका. एकाच अर्जात मुख्य मागणी व्हॉइडची आणि पर्यायी मागणी फसवणुकीच्या कारणावरची करता येते. तारीख कशीही निघाली तरी त्यातली एक वाट उघडी राहते. वर्ष उलटूनच गेलं असेल आणि लग्न व्हॉइड नसेल, तर घटस्फोटाचा मार्ग उरतो. मात्र त्यासाठी लग्नाला एक वर्ष व्हावं लागतं, अपवादात्मक हालअपेष्टा असल्याशिवाय कोर्ट त्याआधी परवानगी देत नाही. लग्न रद्द करण्याच्या अर्जाला ही अट नाही.

पोटगीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढची भीती बहुधा तीच असते. लग्न व्हॉइड ठरलं म्हणजे बाई रिकाम्या हाताने बाहेर पडते, ही समजूत फार जुनी आहे. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यमुनाबाई आढाव यांच्या प्रकरणात दुसऱ्या बायकोला फौजदारी संहितेखालची पोटगी नाकारली होती, तिथून ती पक्की झाली. 2013 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की पहिलं लग्न लपवून जिला फसवलं, तिच्या विरोधात त्याच लबाडीचा आधार नवऱ्याला घेता येणार नाही. फेब्रुवारी 2025 च्या निकालानंतर हिंदू विवाह कायद्याखाली लग्न व्हॉइड जाहीर झालं तरी कोर्ट कायमची पोटगी देऊ शकतं, आणि खटला चालू असताना अंतरिमही. ती द्यायची की नाही आणि किती, हे प्रत्येक प्रकरणातली परिस्थिती आणि दोघांचं वागणं बघून ठरतं. मूल झालं असेल तर ते दोन्ही प्रकारांत औरसच असतं, आणि आईवडिलांच्या मालमत्तेत त्याला हक्क असतो.

माझ्या अशिलाने अर्जात पोटगीची मागणी पहिल्याच दिवशी लिहिली होती. तुमच्या वकिलांनाही ती पहिल्याच मसुद्यात घालायला सांगा.